भाडेकरूंसाठी: हॉलचं मार्बल आणि बेडरूमचं लाकूड कशाने पुसू नये

नमस्कार,

तुम्ही सामान लावायला घ्याल त्याआधी ही चिठ्ठी एकदा वाचा, आणि घरकामाला ज्या मावशी येतील त्यांनाही पहिल्याच दिवशी समजावून सांगा. घरात चार प्रकारची जमीन आहे. हॉल, पॅसेज आणि देवघराच्या कोपऱ्यात क्रीम रंगाचं इटालियन मार्बल आहे. मोठ्या बेडरूममध्ये इंजिनिअर्ड वुड आहे, म्हणजे खाली प्लायचे थर आणि वर सुमारे ३ मिलिमीटर जाडीचं खरं सागवान, त्यावर पीयू पॉलिश. लहान बेडरूममध्ये लॅमिनेट आहे. ते दिसायला लाकडासारखं असलं तरी वरचा थर छापील असतो आणि आत दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा असतो. स्वयंपाकघर, बाथरूम आणि बाल्कनीत साध्या टाइल्स आहेत. तिथे तुम्ही नेहमी वापरता ते क्लीनर खुशाल वापरा. पुढचं सगळं आहे ते पहिल्या तीन प्रकारांपुरतं.

मार्बलचा मुख्य शत्रू: ॲसिड

बाथरूमच्या नळावर काही महिन्यांत जो पांढरा खरखरीत थर बसतो, तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तो जास्तच लवकर बसतो. मार्बलसुद्धा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. एवढी गोष्ट लक्षात राहिली तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जी बाटली नळावरचा क्षार विरघळवते, ती मार्बलही विरघळवते. तिला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यामुळे ज्या बाटलीवर ‘क्षार काढतो’, ‘पाण्याचे डाग घालवतो’ किंवा ‘डीस्केलर’ असं लिहिलेलं असेल, ती हॉलमध्ये उघडायचीच नाही.

अशा बाटल्या घरात वाटतात त्याहून जास्त असतात. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, बऱ्याच बाटल्यांत सुमारे १० टक्के. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं ‘ॲसिड’ तेच असतं, फक्त अधिक तीव्र. बाथरूमच्या टाइल्स आणि नळांसाठी मिळणाऱ्या स्प्रेमध्ये सायट्रिक, फॉस्फोरिक किंवा सल्फॅमिक ॲसिड असतं. गंजाचे डाग काढायच्या द्रावणात अनेकदा ऑक्झॅलिक ॲसिड असतं. लेबलवरच्या घटकांमध्ये ‘ॲसिड’ हा शब्द दिसला की ती बाटली बाथरूममध्येच ठेवा.

स्वयंपाकघरातल्या गोष्टींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चालेल’ असं वाटून नुकसान इथेच जास्त होतं. व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. लिंबाचा रस त्याहूनही आंबट. चिंच, कोकम, ताक आणि टोमॅटोही आंबटच. पॉलिश केलेल्या मार्बलवर लिंबाच्या रसाचा थेंब पाच-दहा मिनिटं राहिला तरी खाली फिकट चट्टा उमटतो. पितळेची समई किंवा देवाची भांडी चिंचेने घासायची असतील तर सिंकमध्ये घासा. देवघरासमोर जमिनीवर बसून घासू नका.

मार्बलला सीलर लावलेला आहे, मग ॲसिड लागेलच कसं, असं बरेच जण विचारतात. सीलर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो, त्यामुळे तेल किंवा चहा आत मुरायला वेळ लागतो आणि आपल्याला पुसायची सवड मिळते. वरचा चकाकता पृष्ठभाग मात्र उघडाच राहतो, आणि ॲसिड त्या पृष्ठभागालाच खातं. सीलर डागापासून काही प्रमाणात वाचवतो, ॲसिडपासून नाही.

हा डाग आहे की दगड खाल्ला गेलाय?

आधी हे ओळखायला हवं, कारण दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. खोली थोडी अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि समोरून बघा. डाग असेल तर तिथला रंग आजूबाजूपेक्षा गडद किंवा वेगळा दिसेल, पण चकाकी सारखीच असेल. ॲसिडने खाल्लेल्या जागी रंग तोच किंवा किंचित पांढुरका दिसेल, पण प्रकाशाचं प्रतिबिंब तिथे विझल्यासारखं होईल. खात्री करायची असेल तर त्या जागेवर ओलं फडकं फिरवा. ओली असताना जागा अगदी ठीक दिसली आणि सुकल्यावर चट्टा परत आला, तर तो ॲसिडचा चट्टा आहे. पाणी त्या खडबडीत पृष्ठभागातल्या बारीक खाचा भरतं म्हणून तो तेवढ्यापुरता नाहीसा होतो.

असा चट्टा कोणत्याही क्लीनरने जात नाही, कारण काढायला तिथे काहीच नसतं. दगडाचा वरचा थरच गेलेला असतो. पुष्कळदा होतं असं की चट्टा ‘निघत नाही’ म्हणून आणखी कडक काहीतरी आणलं जातं, आणि नाण्याएवढ्या जागेचा ताटाएवढा चट्टा होतो. ओल्या फडक्याची ही परीक्षा केलीत आणि तो ॲसिडचा निघाला, तर तिथेच थांबा आणि आम्हाला फोटो पाठवा.

बाथरूमच्या उंबऱ्यावर क्लीनर सांडला तर

सगळ्यात जास्त नुकसान हॉलच्या मध्यभागी होत नाही, ते बाथरूमच्या दाराशी होतं. बाथरूमची जमीन टाइलची, पण उंबऱ्याची पट्टी आणि त्यापुढचा पॅसेज मार्बलचा. आत क्लीनर टाकून घासलं, वायपरने पाणी ओढताना फेस उंबऱ्यापर्यंत आला, किंवा ठिबकणारा ब्रश हातात धरून कुणी बाहेर आलं, की पॅसेजमध्ये चट्ट्यांची माळ तयार होते. म्हणून बाथरूम धुण्याआधी उंबऱ्यावर जुना टॉवेल घडी करून ठेवा. बाथरूमचं फडकं, ब्रश आणि बादली वेगळ्या रंगाची घ्या आणि ती बाहेर आणू नका.

तरीही सांडलंच, तर पहिला एक मिनिट महत्त्वाचा आहे. हातात रबरी मोजे घाला आणि या क्रमाने करा:

१. कोरडं फडकं किंवा टिश्यू वरून ठेवून द्रव टिपून घ्या. घासू किंवा पसरवू नका, नाहीतर तेवढाच द्रव चौपट जागेवर लागेल.

२. जागेवर खाण्याचा सोडा भुरभुरा. एक-दोन चमचे पुरतात. फेस आला तर येऊ द्या, सोडा उरलेलं ॲसिड मारतो आहे. फेस थांबेपर्यंत थोडा थोडा टाकत राहा.

३. सोडा ओल्या फडक्याने उचला आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. प्रत्येक वेळी पाणी बदला.

४. सुक्या फडक्याने कोरडं करा आणि टॉर्च आडवा धरून बघा.

इथे ब्लीच वापरण्याचा विचार चुकूनही करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकाच दिवशी वापरण्याची गरजच नसते.

ॲसिड नसूनही मार्बल बिघडवणाऱ्या गोष्टी

धुण्याची पावडर आणि धुण्याचा सोडा ॲसिडच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतात. ते मार्बल लगेच खात नाहीत, म्हणून निरुपद्रवी वाटतात. पण त्यातले क्षार पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत आणि सांध्यांत जातात, पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे आतच राहतात. वर्षभर हेच चाललं की चकाकी जाते आणि सांध्यांच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागते. साबणाचं गणित वेगळं आहे. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा न विरघळणारा चिकट थर बसतो. जमीन पुसल्यावर अनवाणी पायाला ओशट लागते ती यामुळे. मग ती आणखी साबण टाकून पुसली जाते आणि थर वाढत जातो.

पुसायच्या पाण्यात खडे मीठ टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि श्रद्धेचा मान ठेवूनच हे लिहितो आहोत. मीठ दगडात मुरतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि ते आतून दाब देतात. सच्छिद्र दगडाचे पापुद्रे सुटण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. बेडरूमच्या लाकडावर त्याचा पांढरा पट्टा राहतो. तुमच्याकडे ही पद्धत असेल तर मिठाचं पाणी बाथरूम आणि बाल्कनीच्या टाइल्सवर फिरवा, हॉलमध्ये नको.

फिनेलमध्ये दोन प्रकार आहेत. काळं फिनेल कोळशाच्या डांबरापासून बनतं आणि फिकट मार्बलवर पिवळट तपकिरी छटा सोडू शकतं, म्हणून ते घरात आणूच नका. पांढरं फिनेल बहुधा पाइन तेलाचं असतं. ते दगड खात नाही, पण तेलाचा पातळ थर मागे ठेवतं, त्यावर धूळ धरते आणि जमीन कळकट दिसते. घरात जंतुनाशक हवंच असेल तर टाइल्सवर वापरा.

भांड्यांची पावडर, हिरवी घासणी आणि तारेची घासणी यांपैकी काहीही मार्बलवर नको. मार्बल मऊ दगड आहे, काच त्याच्याहून कठीण आणि वाळूचा कण त्याहूनही कठीण. तारेच्या घासणीचे तुटलेले बारीक तुकडे ओलाव्यात गंजतात आणि मग तो गंजाचा डाग पुन्हा ॲसिडशिवाय काढायची पंचाईत होते. रांगोळीची पूडही चरचरीत असते, म्हणून रांगोळी मार्बलवर हाताने चोळून पुसू नका, आधी मऊ कुंच्याने भरून घ्या.

हळदीचा डाग: एक वेगळी काळजी

हळदीकुंकवाच्या दिवसांत हे हमखास होतं. ओली हळद सांडली की पहिली प्रतिक्रिया साबणाची असते, आणि डाग एकदम लाल होतो. हळदीतला रंग अल्कधर्मी पदार्थात लाल दिसतो, म्हणून घाबरू नका, पण साबणाने तो पसरतो म्हणून तो टाळा. आधी चमच्याने किंवा कार्डाच्या कडेने हळद उचला, मग साध्या पाण्याने टिपत टिपत पुसा. पिवळी छटा उरली आणि तिथे ऊन येत असेल, तर काही दिवस नुसती वाट बघा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो.

ऊन येत नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साधी टाल्कम पावडर यांचा पेढ्यासारखा घट्ट लगदा करा. आधी सोफ्यामागच्या कोपऱ्यात थोडासा लावून बघा. तिथे चकाकी तशीच राहिली तर डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थर द्या, प्लास्टिकने झाका, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. नंतर प्लास्टिक काढून लगदा पूर्ण सुकू द्या. डाग वर ओढला जातो तो याच वेळी, म्हणून घाई करू नका. सुकलेला थर हलकेच उचला आणि साध्या पाण्याने पुसा. एकदाने नाही गेला तर पुन्हा करायला हरकत नाही. हा उपाय फक्त मार्बलवर. लाकडी जमिनीवर पेरॉक्साइड लाकडाचा रंगच उडवतं.

मार्बल रोज कसं पुसायचं

आधी मऊ झाडूने किंवा सुक्या मायक्रोफायबर मॉपने धूळ काढा, कारण धुळीसकट पुसलं की फडकं पॉलिशपेपरसारखं काम करतं. मग नुसत्या पाण्याने पुसा. रोजच्यासाठी एवढंच पुरे आहे. आठवड्यातून एकदा ५ लिटर पाण्यात ‘न्यूट्रल पीएच’ लिहिलेलं स्टोन क्लीनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घाला. ते नसेल तर भांड्यांचं सौम्य लिक्विड अर्धा चहाचा चमचा घाला, लिंबू किंवा व्हिनेगर असलेलं नको. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त थर बसतो. त्यानंतर एकदा साध्या पाण्याने आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. हे कोरडं पुसणं आपल्याकडे सहसा टाळलं जातं, पण कठीण पाणी आपोआप सुकू दिलं तर त्यातला क्षार जमिनीवरच राहतो. जमीन निस्तेज वाटली तर क्लीनर बदलण्याआधी दोन आठवडे कोरडं पुसून बघा.

लाकूड: इथे बाटलीपेक्षा बादली घातक

लाकडी जमिनीला सगळ्यात जास्त त्रास साध्या पाण्यानेच होतो. लॅमिनेटच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत गेलं की आतला भुसा फुगतो, कडा वर येतात आणि सुकल्यावरही खाली बसत नाहीत. तो तुकडा बदलावाच लागतो. इंजिनिअर्ड वुडच्या फळ्या ओलाव्याने कडांना उचलल्या जातात आणि मधे खोलगट होतात. लवकर लक्षात आलं तर हळूहळू सरळ होऊ शकतात, उशीर झाला तर नाही. म्हणून या दोन खोल्यांत पाणी ओतून पुसायचं नाही आणि स्टीम मॉप तर अजिबात नको. वाफ सांध्यांत पाण्यापेक्षाही सहज शिरते आणि तिची उष्णता पॉलिश सोडवते.

फडकं किती ओलं असावं याचं माप सोपं आहे. पिळल्यावर मुठीत घट्ट दाबलं तरी थेंब पडू नये, आणि पुसलेली जमीन एका मिनिटात आपोआप सुकावी. दोन मिनिटं ओली राहिली तर फडकं जास्त ओलं आहे. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की या खोल्या ओल्याने आठवड्यातून एकदा पुसल्या तरी पुरे. बाकी दिवस सुका मॉप फिरवा आणि ओल्याने पुसताना पंखा चालू ठेवा.

आता बाटल्या. व्हिनेगरचं पाणी लाकडासाठी उत्तम, असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण महिनोन् महिने वापरलं की पीयू पॉलिश मंद पडतं. अमोनिया असलेला काचेचा स्प्रेही तेच करतो. ब्लीच पॉलिशच्या बारीक फटींतून शिरून लाकडाचा रंग उडवतं. थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिश मऊ करतात. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं. पीयूवर सांडलं आणि लगेच पुसलं तर बहुधा काही होत नाही. पण घराच्या दारांना आणि जुन्या कपाटाला फ्रेंच पॉलिश आहे. ते लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते, म्हणून तिथे सॅनिटायझरचं फडकं फिरवू नका. मुंग्यांसाठी पुसायच्या पाण्यात रॉकेल टाकण्याची सवय असेल तर तीही या खोल्यांत नको.

खोबरेल, जवसाचं तेल किंवा मेण लावून लाकूड चमकवू नका. पीयूच्या वर तेल आत मुरत नाही, वरच राहतं, चिकटतं आणि पाय घसरतो. त्याहून मोठी अडचण नंतर येते. पुढे कधी नवीन पॉलिश द्यायचं म्हटलं तर ते तेलावर धरतच नाही, आणि सगळी जमीन घासून काढावी लागते.

एखाद्या खोलीत पाण्याची बाटली लवंडलीच तर टॉवेल दाबून दाबून पाणी टिपा. सांध्यांवरून टॉवेल आडवा ओढू नका, त्याने पाणी आत ढकललं जातं. मग पंखा पूर्ण वेगाने दोन दिवस चालू ठेवा. हेअर ड्रायर नको, एका जागची उष्णता फळी वाकवते. सांध्याची कडा बोटाला लागायला लागली तर त्याच दिवशी कळवा.

घर सोडताना

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते घर सोडायच्या आठवड्यात, आणि तेही चांगल्या हेतूने. डिपॉझिट पूर्ण मिळावं म्हणून डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावलं जातं. ते एकच कॅन घेऊन येतात आणि बाथरूमपासून हॉलपर्यंत तेच फिरवतात. ॲसिड पडलं की पहिल्या अर्ध्या तासात जमीन लख्ख दिसते, कारण ती ओली असते. सुकल्यावर सगळा हॉल खडूसारखा पांढुरका होतो.

असा हॉल परत आणायचा तर मशीनला डायमंड पॅड लावून जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने घासावा लागतो. फक्त बिघडलेल्या जागी पॉलिश करून चालत नाही, कारण नवी चकाकी आणि जुनी चकाकी शेजारी शेजारी लगेच वेगळ्या दिसतात, म्हणून बहुतेक वेळा पूर्ण खोली करावी लागते. इंजिनिअर्ड वुडचं वरचं सागवान ३ मिलिमीटरच आहे, त्यामुळे ते जास्तीत जास्त एक-दोनदा घासता येतं. लॅमिनेट एकदाही घासता येत नाही.

येण्याजाण्याने पडलेल्या बारीक रेषा, खुर्चीखाली किंचित मंद झालेली चकाकी, उन्हाने बदललेला लाकडाचा रंग, हे सगळं वापराचं आहे आणि त्यासाठी डिपॉझिटमधून काही कापलं जाणार नाही. ॲसिडचा चट्टा आणि पाण्याने फुगलेली फळी यांची दुरुस्ती मात्र खर्चात धरावी लागते. म्हणून जाताना बाथरूम आणि स्वयंपाकघर हवं त्यांच्याकडून करून घ्या, पण हॉल आणि दोन्ही बेडरूम फक्त झाडून, साध्या पाण्याने पुसून ठेवा. जमिनीवर पेंटचा थेंब किंवा चिकटपट्टीचा डिंक राहिला असेल तर तो तसाच सोडा, आम्ही आमच्या पॉलिशवाल्याकडून काढून घेऊ. एखाद्या बाटलीबद्दल शंका असेल तर वापरण्याआधी मागच्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.